पुढच्या पावलाचा जमाखर्च

काच बसवणारा कारागीर काच कापतो असे आपण म्हणतो. खरे पाहता तो काच कापत नाही. हिरकणीने तो तिच्यावर एक ओरखडा काढतो, ओरखड्याखाली काडी ठेवतो, दोन्ही बाजूंना हलकेच दाब देतो आणि उरलेले काम काच स्वतः करते. ओरखड्याची खोली मिलिमीटरचा काही दशांश, काचेची जाडी चार मिलिमीटर. म्हणजे त्याने जाडीचा फार थोडा भाग छेदलेला असतो. तेवढ्यावर हाताच्या दाबाने ती सरळ रेषेत दुभंगते, आणि ओरखडा नसलेली तीच काच तोच दाब मुकाट्याने सोसते. काचेचा पदार्थ बदललेला नाही, दाब बदललेला नाही, जाडीही जवळजवळ तीच आहे. मग नेमके काय बदलले? आजचे सगळे व्याख्यान या एका प्रश्नावर आहे. त्याचे उत्तर शोधताना आपण सातारा-सांगलीच्या या पट्ट्यातून फार लांब जाणार नाही, कारण कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीची काच, किर्लोस्करवाडीचे बीड आणि कोयनेचे काँक्रीट हे तिन्ही ठिसूळ पदार्थ आणि तिघांच्या तड्यांचा हिशेब एकच आहे.

सरळ सुचणारे उत्तर असे की ओरखड्याच्या टोकाशी ताण एकवटतो. हे खोटे नाही. 1913 साली इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने ताणलेल्या पत्र्यातल्या लंबवर्तुळाकार भोकाभोवतीचा ताण गणिताने काढून दाखवला होता. भोक जितके निमुळते, तितका टोकाशी ताण जास्त. पण हे सूत्र तड्याला लावायला गेलो की दोन अडचणी उभ्या राहतात. एक म्हणजे तड्याचे टोक जवळजवळ शून्य त्रिज्येचे असते, म्हणून तिथला ताण अमर्याद येतो. मग कोणतीही तडकलेली वस्तू नुसत्या स्वतःच्या वजनाने फुटायला हवी, आणि तडकलेली कपबशी तर घरोघर वर्षानुवर्षे वापरात असते. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. इंग्लिस यांच्या सूत्रात भोकाचा आकार महत्त्वाचा, आकारमान नव्हे. एकाच घाटाचे लहान आणि मोठे भोक सारखेच घातक ठरायला हवे. प्रत्यक्षात मोठा ओरखडा लहानापेक्षा धोकादायक असतो, हे काचेचे काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असते.

ही कोंडी फार्नबरोच्या विमानसंशोधन केंद्रात काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ यांनी 1920 साली रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात फोडली. टोकाशी ताण किती, हा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला आणि विचारले, तडा एक पाऊल पुढे गेला तर ऊर्जेच्या वहीत जमा किती होते आणि खर्ची किती पडते?

जमेची बाजू आधी पाहू. ताणलेली काच ही ताणलेल्या रबरासारखीच आहे. तिचे ताणले जाणे डोळ्यांना दिसत नाही इतकेच. तिच्या प्रत्येक कणात ऊर्जा साठलेली असते. मधोमध, ताणाला आडवा, तडा पडला की तड्याच्या वरचा आणि खालचा भाग सैल पडतो, कारण तिथे आता ओढायला काही उरलेले नसते. सैल पडलेल्या भागातली ऊर्जा मोकळी होते. खर्चाची बाजू म्हणजे तड्याचे दोन नवे काठ. काचेतले बंध तोडून नवा पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा लागते, आणि ती तड्याच्या लांबीच्या प्रमाणात लागते. आता शेताचा बांध डोळ्यांपुढे आणा. चौकोनी शेताची बाजू दुप्पट केली तर बांध घालायचा खर्च दुप्पट होतो, पण पीक चौपट येते. तडा हा बांध आणि सैल पडलेला भाग हे शेत. खर्च लांबीच्या पटीत वाढतो, जमा लांबीच्या वर्गाच्या पटीत. म्हणून आखूड तडा वाढला तर त्याला तोटा होतो आणि तो जागच्या जागी राहतो. एका विशिष्ट लांबीपलीकडे मात्र प्रत्येक पाऊल नफ्याचे ठरते.

तड्याची पूर्ण लांबी 2a, काचेतला ताण σ आणि काचेचा स्थितिस्थापकता गुणांक E मानला, तर मोकळी होणारी ऊर्जा जाडीच्या दर एककामागे πσ²a²/E इतकी येते. तडा दोन्ही टोकांनी थोडासा पुढे गेला तर नव्या तडाक्षेत्राच्या दर एककामागे किती ऊर्जा मिळते, ते यावरून निघते:

G = πσ²a/E

यालाच ऊर्जा-मुक्तीचा दर म्हणतात. ‘दर’ हा शब्द ऐकून पुष्कळ विद्यार्थी चकतात. हा दर सेकंदामागचा नाही, तड्याच्या क्षेत्रामागचा आहे. जमिनीचा दर गुंठ्यामागे सांगतात, तसा. त्याचे माप ज्यूल दर चौरस मीटर. पदार्थ मागतो ती किंमत Gc. G या किमतीला पोचला की तडा चालू लागतो, त्याच्या आत असेल तोवर थांबतो.

आता आकडे घालून पाहू. खिडकीच्या काचेसाठी E सुमारे 70 गिगापास्कल आणि Gc सुमारे 8 ज्यूल दर चौरस मीटर. दोन मिलिमीटर लांबीचा, जाडीतून आरपार गेलेला तडा असेल, म्हणजे a एक मिलिमीटर, तर काच सुमारे 13 मेगापास्कल ताणाला फुटेल. तडा चौपट लांब असेल तर याच्या निम्म्यालाच. आणि a मिलिमीटरचा शंभरावा भाग असेल तर तीच काच 130 मेगापास्कलपर्यंत टिकेल. तेव्हा काचेची ताकद म्हणून एक आकडा सांगता येत नाही. तिच्यात किती लांबीचा दोष आहे हे कळल्याशिवाय तिची ताकद हा शब्द अर्धवट आहे. माझ्या मते ग्रिफिथ यांनी अभियांत्रिकीला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच. त्यांनी ताकदीच्या कोष्टकात लांबीचा रकाना उघडला.

या हिशेबातली एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. एक मीटर लांब-रुंद आणि चार मिलिमीटर जाड काच घ्या आणि तिच्यावर वरचाच 13 मेगापास्कल ताण द्या. तिच्यात एकूण साठलेली ऊर्जा सुमारे 5 ज्यूल भरते. ही काच आडवी पूर्ण दुभंगायला लागणारी ऊर्जा किती? एक मीटर गुणिले चार मिलिमीटर गुणिले आठ, म्हणजे 0.03 ज्यूलच्या आसपास. तिजोरीत गरजेच्या दीडशेपट रक्कम पडून आहे, आणि तरीही काच फुटत नाही! एकूण शिल्लक किती यावर काहीच ठरत नाही. पुढचे पाऊल टाकले तर त्या पावलापुरती जमा खर्चाला पुरते का, एवढेच ठरवते. तडा एकदा चालू लागला की मात्र ती दीडशेपट शिल्लक मोकाट सुटते. तिच्यातून तुकड्यांचा वेग येतो, आवाज येतो, तड्याला फाटे फुटतात. काचेतला तडा सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो, तो या उरलेल्या पैशांवर.

केवळ तर्क म्हणून हे पटावे अशी अपेक्षा ग्रिफिथ यांनीही ठेवली नव्हती. त्यांनी काचेचे पातळ गोलक आणि नळ्या घेतल्या, त्यांवर मोजलेल्या लांबीचे तडे पाडले, काच तापवून हळूहळू निववली आणि आतून दाब देऊन फोडली. 0.15 इंच तड्याच्या गोलकाला दर चौरस इंचाला 864 पौंड ताण लागला, 0.89 इंच तड्याच्या गोलकाला 366. तडा सहापट लांब झाला तर सूत्राप्रमाणे ताण सुमारे 2.4 पटींनी कमी व्हायला हवा. प्रत्यक्षात तो 2.36 पटींनी कमी झाला.

इथे चिकित्सक श्रोता हात वर करील. काच ओढून धरणारा भार टांगलेला असेल तर तडा वाढताना तो भार खाली सरकतो आणि बाहेरून नवी ऊर्जा आत येते. ती वहीत कुठे गेली? टांगलेल्या भाराच्या बाबतीत बाहेरून आलेल्या ऊर्जेपैकी बरोबर निम्मी काचेतच साठते आणि निम्मी तड्याला मिळते. काचेची दोन्ही टोके घट्ट धरून ठेवली असतील तर बाहेरून काहीच येत नाही, पण काचेतली साठलेली ऊर्जा तेवढीच घटते. पहिल्या पावलाला दोन्ही हिशेबांत G एकच येतो. फरक पडतो तो त्यानंतरच्या पावलांना. पाथरवट काळ्या दगडात पाचर ठोकतो तेव्हा तडा पाचर जाईल तेवढाच पुढे सरकतो, कारण पाचरेने उघडलेली फट ठरलेली असते आणि तडा लांबला की G झपाट्याने उतरतो. ओब्राइमोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने 1930 साली अभ्रकाच्या पापुद्र्याखाली काचेची पाचर सरकवून हीच गोष्ट मोजून दाखवली. त्या मांडणीत G तड्याच्या लांबीच्या चौथ्या घाताने घटतो, म्हणून तडा शहाण्यासारखा थांबतो. तडा निघणे आणि तडा न थांबणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला G किती आहे यावर ठरतो, दुसरा तडा वाढताना G चढतो की उतरतो यावर.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तड्याच्या टोकाशी बारीक भोक पाडले की तडा थांबतो, हा कारागिरांचा जुना उपाय. भोकाने तडा आखूड होत नाही, उलट किंचित लांबच होतो. मग G वाढायला हवा आणि तडा उसळायला हवा. ऊर्जेचा हिशेब इथे खोटा पडला का? नाही. त्याची हद्द मात्र इथे दिसते. G चे सूत्र तीक्ष्ण टोक गृहीत धरते. भोकाचा काठ गुळगुळीत आहे, आणि गुळगुळीत काठावर जन्मलेल्या अतिसूक्ष्म तड्याचा G त्याच्या स्वतःच्या लांबीच्या प्रमाणात असतो. लांबी शून्याजवळ, म्हणून G ही शून्याजवळ. पहिले पाऊल तोट्याचे आणि दहावे पाऊल नफ्याचे अशी ही अवस्था आहे. म्हणून तडा जन्मतो का, हे टोकाशी असलेला ताण आणि तिथले आधीचे दोष ठरवतात. जन्मलेला तडा वाढतो का, हे ऊर्जा ठरवते. ऊर्जेचा समतोल एकट्याने सगळे सांगतो असे म्हणणारे आणि ताणाचे कोष्टक पुरते असे म्हणणारे, दोघेही निम्मेच बरोबर आहेत.

तिसरा आक्षेप किमतीबद्दलचा. ग्रिफिथ यांनी Gc ही पृष्ठऊर्जेच्या दुप्पट मानली आणि काचेची पृष्ठऊर्जा वितळलेल्या काचेच्या पृष्ठताणावरून अंदाजली. त्या हिशेबाने किंमत सुमारे 1 ज्यूल दर चौरस मीटर येते. त्यांच्याच प्रयोगांतून ती तिपटीहून जास्त निघते आणि आजच्या मोजणीत 8 च्या आसपास. वॉशिंग्टनच्या नौदल प्रयोगशाळेतले जॉर्ज अर्विन यांनी 1950 च्या दशकात या घोळातून वाट काढली. पैसे नेमके कुठे खर्च होतात हे न विचारता त्यांनी किंमत सरळ मोजायची असे ठरवले. पोलादात ती हजारो ज्यूल असते, कारण टोकाशी धातू वाकतो, घसरतो आणि ऊर्जा पिऊन टाकतो. काचेत ती हवामानावरही अवलंबून असते. पाण्याचा रेणू तड्याच्या टोकाशी पोचून सिलिकॉन-ऑक्सिजनचा ताणलेला बंध तोडायला मदत करतो, म्हणून दमट हवेत तडा 8 च्या कितीतरी आतल्या G ला देखील अतिशय सावकाश सरपटतो. जी काच बसवताना ठणठणीत होती ती काही महिन्यांनी कुणी हात न लावता तडकते, त्याचे एक कारण हे. तिच्यातला तडा तेवढे दिवस कर्ज फेडत नव्हता, पाणी त्याला सवलत देत होते.

ओगलेवाडीच्या ओगले काच कारखान्याचा प्रभाकर कंदील एके काळी महाराष्ट्रात घरोघर होता. त्याच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते, कारण थेंबाखालची काच आकसू पाहते आणि भोवतालची गरम काच तिला आकसू देत नाही. साध्या खिडकीच्या काचेला प्रत्येक अंशाच्या फरकामागे साधारण 0.6 मेगापास्कल ताण पडतो. तीस अंशांचा फरक पडला की सुमारे 18 मेगापास्कल. वरच्या सूत्राने अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा दोष एवढ्या ताणाला पुरेसा आहे. म्हणून काचेच्या कडेचा टवका, वाळूचा ओरखडा, नीट न निववल्यामुळे आत अडकलेला ताण या गोष्टींना कंदिलाच्या काचेत महत्त्व. किर्लोस्करवाडीच्या बिडाच्या नांगराची गोष्ट याच घरातली. करड्या बिडात ग्रॅफाइटचे पापुद्रे पसरलेले असतात आणि ग्रॅफाइट ताणाला जवळजवळ काहीच धरत नाही, म्हणजे ते जन्मतःच असलेले तडे. दाबाखाली ते मिटतात, ताणाखाली उघडतात. बीड दाबाला भक्कम आणि ओढीला कच्चे, ते यामुळे.

आता कोयना. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. धरणाच्या आत बसवलेल्या यंत्राने गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याच्या घरातले आडवे त्वरण नोंदवले. धरणाचा आराखडा मात्र गुरुत्वत्वरणाच्या विसाव्या भागाचा, 0.05 चा, गुणांक धरून केलेला होता. 103 मीटर उंचीच्या या धरणात सांडव्याखेरीजच्या भागाला दोन्ही पृष्ठांवर आडव्या भेगा पडल्या, आणि बहुतेक भेगा एकाच उंचीच्या आसपास. खालच्या बाजूच्या भिंतीचा उतार जिथे अचानक बदलतो, ती ही जागा. माथा जड आणि उतार बदलतो तिथे कोपरा, म्हणजे ताण एकवटायला हवी तशी जागा. धरण सांध्यांनी अलग केलेल्या ठोकळ्यांचे बनलेले असते आणि भूकंपात प्रत्येक ठोकळा बराचसा स्वतंत्रपणे हलतो, म्हणून अभ्यासक त्याला उभ्या धरलेल्या एका जाड पाटीसारखा मानतात. कोयनेचा हा ठोकळा आज जगभरच्या तडाशास्त्रात नमुना म्हणून वापरला जातो.

इथे शेवटचा आक्षेप येतो, आणि काँक्रीटचे अभियंते तो हमखास घेतात. काँक्रीट काचेसारखे ठिसूळ नाही. त्यात तड्याच्या पुढे सूक्ष्म भेगांचा पट्टा असतो, खडी दोन्ही काठांना धरून ठेवते, तडा हळूहळू उघडतो. प्रयोगशाळेतल्या घनाला किंवा तुळईला ग्रिफिथ यांचे सूत्र लागू पडत नाही. हे अगदी खरे आहे. पण प्रश्न असा की तो पट्टा केवढा? कोयनेच्या अभ्यासांत नेहमी धरले जाणारे आकडे घेऊ. E सुमारे 31 गिगापास्कल, ताणातली ताकद 2.9 मेगापास्कल, तडा पाडायची किंमत 200 ज्यूल दर चौरस मीटर. या तिघांतून एक लांबी निघते: किंमत गुणिले E, भागिले ताकदीचा वर्ग. ती येते सुमारे पाऊण मीटर. सूक्ष्म भेगांचा पट्टा साधारण या मापाचा असतो. पंधरा सेंटिमीटरच्या घनात तो मावतच नाही, म्हणून घन काचेसारखा वागत नाही आणि त्याची ताकद लांबीशिवायच्या एका आकड्यात सांगता येते. शंभर मीटरच्या धरणाला मात्र पाऊण मीटर म्हणजे एक टोक. त्या मापावर तेच काँक्रीट ठिसूळ आहे. कडेवर एक मेगापास्कल ताण असेल, म्हणजे घनाच्या कसोटीने तिपटीची सुरक्षितता असेल, तरी कडेपासून आत गेलेली दीड मीटरच्या आसपासची भेग चालू लागायला पुरेशी आहे. ठिसूळपणा हा नुसता पदार्थाचा गुण नाही, वस्तू केवढी आहे यावरही तो ठरतो.

मग कोयना कोसळले का नाही? पाचरेच्या आणि टांगलेल्या भाराच्या गोष्टीत याचे उत्तर आहे. भूकंपाचा ओढता ताण एका दिशेला सेकंदाचा काही भागच टिकतो आणि लगेच उलटतो. उघडलेली भेग मिटते, तिची जमा थांबते. शिवाय भेगेच्या वर काँक्रीटचे वजन आहे. ते भेगेला मिटवू पाहते आणि तिच्या G मधून सतत वजा होत राहते. या दोन्ही गोष्टी प्रत्येक धरणाला आणि प्रत्येक भूकंपाला सारख्या मिळतील असे नाही. कोयनेला त्या मिळाल्या, आणि भेगांमधून गळती झाली तरी पाणी अडून राहिले.

भूकंपानंतर त्या भेगांत एपॉक्सी भरली गेली आणि ताणलेल्या केबलींनी काँक्रीट आवळले गेले. एपॉक्सीने तड्याची लांबी कमी केली, केबलींनी ताण. G च्या सूत्रातल्या नेमक्या याच दोन राशी माणसाच्या हातात असतात. पुढे सांडव्याखेरीजच्या भागाला खालच्या बाजूने काँक्रीटचे टेकू दिले गेले, आणि पाटण तालुक्यातून जाणाऱ्या कुणालाही ते धरणाच्या पाठीवर आजही दिसतात.